यादीत भर घालायची होती, यादीच बदलली: ट्रंकच्या चुकीनंतर व्यवस्थापनाला घटना अहवाल कसा लिहावा

रविवारी सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी गोदामातून सुपरवायझरचा फोन आला. "साहेब, एकही स्कॅनर लागत नाहीये. टेबलावरचा फोनही बंद आहे, मोबाइलवरून बोलतोय. गाड्या दारात लागल्यात." त्यानंतर गोदामातला पहिला बारकोड स्कॅन व्हायला साडेदहा वाजले. कारण सापडले तेव्हा ते एका शब्दाएवढे होते, आणि सोमवारी दुपारपर्यंत व्यवस्थापनाला त्याचा लेखी अहवाल हवा होता.

हा अहवाल कसा लिहिला, कुठे अडलो आणि पहिल्या मसुद्यातले काय काढून टाकावे लागले, ते इथे क्रमाने सांगतो. कारखान्याची ओळख पटू नये म्हणून वेळा आणि आकडे थोडे बदलले आहेत. घटनेचा सांगाडा मात्र तोच आहे.

## नेमके काय झाले होते

मुख्य इमारतीतल्या सर्व्हर रूममध्ये कोअर स्विच आहे. तिथून फायबरची एकच जोडणी गोदामातल्या स्विचला जाते आणि या जोडणीवर ट्रंक आहे. त्या ट्रंकवरून चार व्हीलॅन जात होती: ऑफिसचे १०, स्कॅनरचे २०, फोनचे ३० आणि स्विचच्या देखभालीचे ९९. गोदामात नवे सीसीटीव्ही बसवले होते आणि त्यांच्यासाठी ४० हे पाचवे व्हीलॅन सुरू करायचे होते. गोदामाकडच्या टोकाला यादीचे बंधन नव्हते, त्यामुळे बदल फक्त कोअरच्या बाजूला करायचा होता. शनिवारी सायंकाळी, गोदाम बंद झाल्यावर, आमच्या अभियंत्याने तो केला.

द्यायची होती ती आज्ञा अशी:

```
interface GigabitEthernet1/0/24
 switchport trunk allowed vlan add 40
```

दिली गेली ती अशी:

```
interface GigabitEthernet1/0/24
 switchport trunk allowed vlan 40
```

सिस्को आयओएसमध्ये `add` असेल तर असलेल्या यादीत भर पडते. `add` नसेल तर जुनी यादी पुसली जाते आणि नवी तिच्या जागी बसते. स्विच काही विचारत नाही, इशारा देत नाही, जोडणीही पडत नाही. पोर्टचा दिवा हिरवाच राहतो. त्या क्षणापासून ट्रंकवरून फक्त ४० जाऊ लागले आणि बाकीची चारही थांबली. कॅमेरे मात्र उत्तम दिसत होते. ज्यासाठी बदल केला ती गोष्ट चालली म्हणून अभियंत्याने कॉन्फिग सेव्ह केले आणि तो घरी गेला.

## आधी पुरावा जपा, मग लिहायला बसा

सेवा परत सुरू झाली की सगळे दमलेले असतात आणि घरी जायची घाई असते. पण नेमक्या त्याच अर्ध्या तासात पुरावा गोळा करावा लागतो. स्विचमधला लॉग मेमरीत असतो, त्याची जागा मर्यादित असते आणि स्विच रीबूट झाला की तो जातो. आमच्याकडे सकाळी साडेसातला कुणीतरी गोदामातला स्विच बंद करून चालू केला होता, त्यामुळे त्या टोकाच्या रात्रीच्या सगळ्या नोंदी गेल्या. कोअर स्विचला कुणी हात लावला नव्हता, म्हणून आम्ही वाचलो.

कोअरवरून या गोष्टी लगेच फाइलमध्ये उतरवून घ्या: `show logging`, `show archive log config all`, `show interfaces trunk` आणि त्या पोर्टचे चालू कॉन्फिग. शक्य असेल तर `show interfaces trunk` दुरुस्तीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा घ्या. दुरुस्तीच्या आधी यादी अशी दिसत होती:

```
Port        Vlans allowed on trunk
Gi1/0/24    40
```

आदल्या आठवड्याच्या बॅकअपमध्ये त्याच पोर्टसमोर `10,20,30,99` होते. या दोन ओळी शेजारी ठेवल्या की कारणाबद्दल वाद उरत नाही.

लॉगमध्ये आणखी भक्कम गोष्ट मिळाली:

```
Jun 14 12:42:09: %PARSER-5-CFGLOG_LOGGEDCMD: User:netops2
  logged command:switchport trunk allowed vlan 40
Jun 14 12:42:10: %LINEPROTO-5-UPDOWN: Line protocol on
  Interface Vlan20, changed state to down
```

पहिली ओळ मिळते ती `archive` खाली `log config` चालू करून `notify syslog` दिलेले असेल तरच. आमच्याकडे ते होते. दुसरी ओळ मिळाली कारण व्हीलॅन २० गोदामाशिवाय दुसरीकडे कुठेच नाही. ते ट्रंकवरून उतरताच कोअरवरचा त्याचा इंटरफेस पडला. १०, ३० आणि ९९ इतर मजल्यांवरही आहेत, म्हणून त्यांचे इंटरफेस उभे राहिले आणि त्यांची अशी नोंद झाली नाही. आज्ञा आणि तिचा परिणाम यांत एका सेकंदाचे अंतर आहे, हे लेखी दिसले की "त्याच वेळी फायबरलाही काही झाले असेल का" हा प्रश्न मिटतो.

आता वेळेचा सापळा. लॉगमध्ये १२:४२ आहे, म्हणजे बदल भरदुपारी झाला असे वाटते. पण स्विचचे घड्याळ यूटीसीवर होते. त्यात साडेपाच तास मिळवले की सायंकाळचे ६:१२ होतात. मी पहिल्या मसुद्यात एका ओळीत लॉगची वेळ आणि दुसऱ्या ओळीत मोबाइलवरच्या कॉलची वेळ लिहिली होती. तसाच गेला असता तर बिघाड साडेपाच तास लांबलेला दिसला असता. घटनाक्रमातली प्रत्येक वेळ भारतीय प्रमाणवेळेत आणा आणि वर तसे एकदा लिहून टाका. लॉगमधल्या वेळेआधी `*` असेल तर स्विचला आपले घड्याळ बरोबर असल्याची खात्री नाही, आणि `.` असेल तर एनटीपीशी जुळणी तुटलेली आहे. अशा वेळी त्या नोंदीची वेळ दुसऱ्या एखाद्या नोंदीशी पडताळून मगच अहवालात घ्या.

## अभियंत्याशी बोला, तेही एकट्याने

आम्ही दोघे कँटीनमध्ये बसलो. मी प्रिंट काढलेला लॉग टेबलावर ठेवला. त्याने ती ओळ वाचली, बोट ठेवले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, कॅमेरे दिसत होते हो. चारही दिसले. म्हणून निघालो."

अहवालातले सगळ्यात उपयोगी वाक्य हेच ठरले. तोपर्यंत माझ्या डोक्यात "तपासणी न करताच निघून गेला" असे होते. त्याने तपासणी केली होती, पण नव्या गोष्टीची. जुन्या चार गोष्टी चालू आहेत की नाहीत हे पाहायला त्याला आमच्या कोणत्याच कागदाने सांगितले नव्हते. बदलाच्या अर्जात "चाचणी" या रकान्यात मीच मंजूर केलेला मजकूर होता: "कॅमेऱ्यांचे चित्र दिसणे."

हे बोलणे व्यवस्थापनाच्या बैठकीत किंवा सगळ्यांसमोर करू नका. तिथे माणूस स्वतःला वाचवायला बघतो किंवा सगळा दोष अंगावर घेतो, आणि दोन्ही वेळा माहिती मिळत नाही. "असे का केलेस?" यापेक्षा "त्या वेळी स्क्रीनवर काय दिसत होते?" असे विचारा. त्याला आज्ञा पाठ नव्हती का, तर होती. त्याच दुपारी त्याने एका नव्या स्विचवर ट्रंकची यादी पहिल्यांदाच लिहिली होती. तिथे `add` शिवाय लिहिणेच बरोबर असते. तीच ओळ बोटांत बसली होती.

## पहिला परिच्छेद सगळ्यात शेवटी लिहा, पण ठेवा सगळ्यात वर

कारखान्याचे प्रमुख बहुतेक वेळा फक्त पहिला परिच्छेद वाचतात आणि तोच पुढे मुख्य कार्यालयाला पाठवतात. म्हणून काय बंद पडले, किती वेळ, कशामुळे, आता काय स्थिती आहे आणि त्यांच्याकडून काय हवे आहे, एवढे त्यात आलेच पाहिजे. आमचा शेवटचा मसुदा असा होता:

> शनिवारी सायंकाळी ६:१२ ते रविवारी सकाळी १०:१४ या काळात गोदामाचे नेटवर्क मुख्य इमारतीपासून तुटलेले होते. गोदाम रात्री बंद असल्याने कामावर परिणाम रविवारी सकाळी ६:०५ पासून झाला आणि १०:३५ ला माल भरणे पुन्हा सुरू झाले. सीसीटीव्हीसाठी कोअर स्विचवर केलेल्या बदलात आधीच्या परवानग्यांमध्ये भर पडण्याऐवजी त्या पुसल्या गेल्या, हे कारण लॉगमधून निश्चित झाले आहे. सेवा पूर्ववत आहे. उत्पादन विभागावर परिणाम झाला नाही. सुट्टीच्या दिवशी इशारा फोनवर मिळावा यासाठी आम्हाला आपली मंजुरी हवी आहे (मुद्दा ५).

यात ट्रंक, व्हीलॅन, पोर्ट यांपैकी एकही शब्द नाही. ते खाली येतात.

दोन कालावधी वेगळे दिले आहेत, हे मुद्दाम. नेटवर्क सोळा तास दोन मिनिटे तुटले होते आणि काम साडेचार तास थांबले. फक्त साडेचार तास लिहिले तर उद्या कुणी लॉग पाहून म्हणेल की तुम्ही बारा तास लपवले. फक्त सोळा तास लिहिले तर व्यवस्थापनाला वाटेल रात्रभर गाड्या उभ्या होत्या.

## ट्रंक म्हणजे काय, हे चार वाक्यांत

मुख्य मजकुरात कुठेतरी यंत्रणा समजावावीच लागते, नाहीतर वाचणाऱ्याला "एवढ्याशा गोष्टीने?" हा प्रश्न पडतो आणि उत्तर मिळत नाही. मी फाटकाचे उदाहरण घेतले, कारण कारखान्यात ते सगळ्यांना माहीत असते:

> मुख्य इमारत आणि गोदाम यांना जोडणारी तार म्हणजे एकच रस्ता आहे. कोणत्या विभागाचा डेटा त्या रस्त्याने जाऊ द्यायचा, याची यादी स्विचमध्ये असते, जशी फाटकावरच्या वॉचमनकडे परवानगी असलेल्या गाड्यांची यादी असते. शनिवारी या यादीत कॅमेऱ्यांचे नाव वाढवायचे होते. त्याऐवजी जुनी यादी जाऊन फक्त कॅमेऱ्यांचे नाव असलेली नवी यादी लागली, आणि बाकीचे विभाग फाटकावर अडले.

रस्ता सुस्थितीत होता, हे त्यातून आपोआप कळते. तार तुटलेली नसताना दुरुस्तीला चार तास का लागले, हा पुढचा प्रश्न याच चित्रातून समजावता येतो.

## परिणाम लिहिताना

इथे आपल्या खात्याच्या भाषेत लिहू नका. "चार व्हीलॅन अनुपलब्ध" याचा डिस्पॅचच्या माणसाला काही अर्थ नाही. मी सोमवारी सकाळी स्वतः गोदामात जाऊन फाटकावरचे रजिस्टर पाहिले. रविवारी अकरा गाड्या जायच्या होत्या. ई-वे बिल निघाल्याशिवाय माल फाटकाबाहेर काढता येत नव्हता. कमर्शियलचे एक जण नऊच्या सुमारास घरून आले आणि मुख्य इमारतीत बसून त्यांनी तीन गाड्यांची बिले काढली. त्यांचा माल हाताने मोजून भरला. उरलेल्या आठ गाड्या साडेदहानंतर भरल्या. शेवटची गाडी साडेबाराला जायची होती, ती ३:४० ला गेली.

एवढे तपशील रजिस्टरवरून मिळाले, म्हणून लिहिले. हॉल्टिंगचे पैसे किती लागतील हे तेव्हा वाहतूकदाराकडून आले नव्हते, म्हणून "आकडा बुधवारपर्यंत येईल" असे लिहिले आणि तो कुणी द्यायचा ते शेजारी लिहिले. अंदाज लिहिण्याचा मोह होतो. पण अहवालातला अंदाज दुसऱ्या बैठकीत "तुम्हीच सांगितलेला आकडा" होऊन परत येतो.

काय बिघडले नाही, हेही लिहा, पण तपासून. "डेटा गेला नाही" हे वाक्य लिहिण्याआधी मी हाताने मोजलेल्या तीन गाड्यांच्या नोंदी सिस्टिममध्ये चढल्या का आणि त्या मालाचा साठा जुळतो का, हे स्टोअरकडून लेखी मागवले. ते आल्यावर वाक्य असे झाले: "हाताने मोजलेल्या तीन गाड्यांच्या नोंदी सोमवारी चढवल्या असून साठा जुळला आहे."

## घटनाक्रमात चुकीच्या वाटाही ठेवा

घटनाक्रम लिहिताना सगळ्यात जास्त काटछाट होते ती शोधाशोधीच्या भागात. "६:०५ तक्रार आली, १०:१४ दुरुस्ती झाली" असे लिहिले की मधले चार तास कुणालाच दिसत नाहीत. पण व्यवस्थापनाला नेमके तेच विचारायचे असते. आम्ही हे ठेवले:

> शनिवार ६:१२ – कोअर स्विचवर बदल. ६:१६ – कॅमेरे तपासून कॉन्फिग सेव्ह.
> शनिवार ६:१७ – देखरेख प्रणालीकडून "गोदाम स्विच प्रतिसाद देत नाही" असा ईमेल. सुट्टीमुळे सोमवारपर्यंत वाचला गेला नाही.
> रविवार ६:०५ – गोदामातून तक्रार. ६:२० – वायफायचा संशय. ॲक्सेस पॉइंट रीस्टार्ट.
> ७:३० – गोदाम स्विच रीस्टार्ट, फरक नाही.
> ८:४५ – फायबरचा संशय. बाहेरच्या तंत्रज्ञाला बोलावले. ९:४० – फायबर ठीक असल्याचे निष्पन्न.
> १०:०५ – कोअरवर ट्रंकची यादी तपासली; कारण सापडले. १०:१४ – जुनी व्हीलॅन यादीत परत. १०:३५ – स्कॅनर आणि फोन तपासून काम सुरू.

आता यातल्या ६:२० ते ९:४० या भागाचे एका परिच्छेदात स्पष्टीकरण द्या. तक्रार स्कॅनरची होती आणि स्कॅनर वायफायवर चालतात, म्हणून पहिला संशय वायफायवर गेला. त्यात काही गैर नव्हते. मात्र त्याच फोनमध्ये सुपरवायझरने टेबलावरचा फोनही बंद असल्याचे सांगितले होते, आणि तो तारेवर आहे. स्कॅनर आणि फोन एकदम गेले म्हणजे दोष दोघांच्या वर आहे, हे तिथेच कळू शकत होते. माहिती आली होती, पण टिपून घेण्याची पद्धत नव्हती. तक्रार घेणाऱ्याने तपास करणाऱ्याला "स्कॅनर बंद" एवढेच कळवले.

फायबरचेही तसेच. गोदामाचा स्विच पिंगला उत्तर देत नव्हता, म्हणून तार तुटली असे वाटले. पण तो पिंग व्हीलॅन ९९ वरून जातो आणि तेच यादीतून गेले होते. कोअरवर `show cdp neighbors` पाहिले असते तर गोदामाचा स्विच शेजारी म्हणून दिसला असता, कारण सीडीपीच्या चौकटी ट्रंकच्या यादीतून व्हीलॅन काढले तरी जात राहतात. पिंग नाही पण शेजारी दिसतो, म्हणजे तार शाबूत आहे आणि दोष यादीत किंवा कॉन्फिगमध्ये आहे. बाहेरच्या तंत्रज्ञावर जवळपास तासभर घालवायची गरज पडली नसती.

हे लिहिताना "पाहायला हवे होते" अशी वाक्ये टाळा. आज उत्तर माहीत असल्यामुळे ती सोपी वाटतात. त्याऐवजी त्या वेळी हातात काय होते आणि तपासाच्या क्रमात आता काय घालत आहोत, एवढे सांगा.

## "मानवी चूक" इथे थांबू नका

माझ्या पहिल्या मसुद्यात कारणाच्या रकान्यात "मानवी चूक" होते. आमच्या प्लांट हेडनी त्याभोवती पेनाने गोल केला आणि विचारले, "मग पुढच्या शनिवारी काय वेगळे होणार?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग कारण तीन थरांत लिहिले. बिघाड का झाला: आज्ञेतला `add` राहिला आणि स्विचने ती निमूट स्वीकारली. तो तिथेच का सापडला नाही: चाचणीत फक्त नवी सेवा होती, आणि आज्ञा लिहून दुसऱ्याच्या नजरेखालून घालण्याची पद्धत फक्त मोठ्या बदलांना लागू होती. एका व्हीलॅनची भर "छोटा बदल" समजली जात होती. आणि तो सकाळपर्यंत का राहिला: पाच मिनिटांत आलेला इशारा सुट्टीत कुणी न उघडणाऱ्या मेलबॉक्समध्ये गेला. तिन्हींपैकी एक जरी वेगळे असते तरी रविवारी गाड्या थांबल्या नसत्या.

अभियंत्याचे नाव कुठेच लिहिले नाही. पण "बदल केला गेला" अशी कर्ता गायब असलेली वाक्येही ठेवली नाहीत, त्याने काहीतरी झाकल्यासारखे वाटते. "नेटवर्क विभागातील अभियंत्याने बदल केला; चाचणीचा मजकूर विभागप्रमुखांनी मंजूर केलेला होता" असे सरळ लिहिले. विभागप्रमुख म्हणजे मीच. लॉगमधले यूजरनेम परिशिष्टात जाण्याआधी झाकले.

## प्रत्येक उपाय त्या शनिवारवर लावून पाहा

उपायांची यादी करायला बसलो तेव्हा दहा-बारा मुद्दे निघाले. त्यांतले बरेचसे चांगले होते, पण या घटनेत त्यांचा उपयोग झाला नसता. म्हणून एकच चाळणी लावली: हा उपाय शनिवारी ६:१२ ला हजर असता तर नेमके काय घडले असते?

पहिल्यांदा सुचतो तो उपाय म्हणजे आपोआप मागे फिरणारे कॉन्फिग:

```
configure terminal revert timer 10
```

असे सुरू करून बदल केला आणि दहा मिनिटांत `configure confirm` दिले नाही, तर स्विच जुन्या कॉन्फिगवर परत जातो. त्यासाठी `archive` चा मार्ग आधी ठरवलेला असावा लागतो. दूरच्या स्विचवर काम करताना आपलीच जोडणी तुटली, तर हा उपाय जीव वाचवतो. पण शनिवारी काय झाले असते? अभियंता कोअरवर होता, त्याची जोडणी तुटली नाही. कॅमेरे दिसले, त्याने सेव्ह केले. त्याने `configure confirm` सुद्धा दिले असते. म्हणजे उपाय चांगला आहे, वापरायचाही आहे, पण या अहवालात त्याला पहिले स्थान नाही. "प्रशिक्षण देऊ" हाही चाळणीत गळतो, कारण आज्ञा त्याला येत होती.

जे टिकले ते थोडेच. बदलाआधी आणि नंतर `show interfaces trunk` चा मजकूर जपायचा आणि दोन्हींतला फरक बदलाच्या अर्जाला जोडायचा. फरकात फक्त भर दिसली पाहिजे, काही गेलेले दिसता कामा नये. शनिवारी हे असते तर १०, २०, ३०, ९९ गेल्याचे मिनिटभरात दिसले असते. त्याला पैसे लागत नाहीत, म्हणून ते त्याच आठवड्यात सुरू केले.

दुसरा उपाय, चाचणीत जुन्या सेवेचा एक माणूस घ्यायचा. बदल संपला की गोदामात कुणीतरी एक बारकोड स्कॅन करायचा आणि टेबलावरच्या फोनवरून कॉल लावायचा. याला मर्यादा आहे: शनिवारी सहानंतर गोदामात कुणी नसते. म्हणून अशा बदलांची वेळ शनिवारी दुपारी चारवर आणली, शिफ्ट सुटायच्या दोन तास आधी. उत्पादनाच्या वेळेत नेटवर्कला हात लावायचा हे व्यवस्थापनाला पटायला वेळ लागला. पण बिघडलेच तर दहा मिनिटांत कळेल आणि सगळे जागेवर असतील, हे घटनाक्रम दाखवून सांगितले तेव्हा पटले.

तिसरा, स्विचलाच ती आज्ञा नाकारायला लावायची. टीएसीएसीएस+ सर्व्हरवरून आज्ञांची परवानगी ठरत असेल, तर `switchport trunk allowed vlan` नंतर थेट आकडा आल्यास नकार आणि `add` किंवा `remove` आल्यास होकार असा नियम करता येतो. शनिवारी हा असता तर आज्ञा लागलीच नसती. पण नवीन ट्रंकवर पहिली यादी लिहिताना थेट आकडाच द्यावा लागतो, त्या वेळी वरिष्ठांचे खाते वापरावे लागेल. हा नियम आम्ही महिन्याच्या मुदतीवर ठेवला, आधी चाचणीच्या स्विचवर लावून पाहायचा म्हणून.

चौथा इशाऱ्याचा. सुट्टीच्या दिवशी स्विच पाच मिनिटांहून जास्त गप्प राहिला तर ड्यूटीवरच्या माणसाच्या मोबाइलवर कॉल जावा. यासाठी एसएमएस-कॉल सेवेचे शुल्क आणि शनिवार-रविवारचा ड्यूटी भत्ता लागतो. पहिल्या परिच्छेदातली मंजुरी याचसाठी मागितली होती. मागणी करताना एवढेच लिहिले: "हा इशारा शनिवारी असता तर ६:१७ ला फोन वाजला असता, गोदाम उघडायला तेव्हा पावणेबारा तास बाकी होते."

प्रत्येक उपायापुढे एका जबाबदार पदाचे नाव आणि तारीख टाका. "नेटवर्क विभाग" हे पुरत नाही, "नेटवर्क विभाग, वरिष्ठ अभियंता" असे लिहा. "लवकरच" ही तारीख नव्हे.

## पाठवताना आणि पाठवल्यावर

मुख्य अहवाल दीड पान झाला. लॉगच्या ओळी, ट्रंकची आधीची आणि नंतरची यादी, फाटकाच्या रजिस्टरचा फोटो हे परिशिष्टात. पाठवण्याआधी मसुदा तिघांना वाचायला दिला: अभियंत्याला, गोदामाच्या सुपरवायझरला आणि कमर्शियलमधल्या त्या सहकाऱ्याला. सुपरवायझरने एक वेळ दुरुस्त केली. मी ६:०५ ला स्कॅनर तुटले असे लिहिले होते. ते म्हणाले, "साहेब, तुटलेले कधीचेच होते. आम्ही कुलूप सहाला काढले, तेव्हा दिसले." मग ते वाक्य "६:०५ ला तक्रार आली" असे झाले.

रविवारी दुपारीच एक चार ओळींची प्राथमिक सूचना पाठवली होती: काय झाले, सुरू झाले आहे, कारण कोअर स्विचवरच्या बदलाशी संबंधित दिसते, सविस्तर अहवाल सोमवारी. "दिसते" हा शब्द तेव्हा योग्य होता. सोमवारच्या अहवालात तो काढून "निश्चित झाले आहे" केले, कारण तोवर एका सेकंदाच्या अंतराच्या त्या दोन ओळी हातात होत्या. बुधवारी हॉल्टिंगचा आकडा आला, तेव्हा अहवालाची दुसरी आवृत्ती काढली आणि काय बदलले ते वर एका ओळीत लिहिले.

तीस दिवसांनी उपायांचा आढावा होता. तीन मुद्दे बंद केले. चौथा, इशाऱ्याचा, "सुरू झाला" असे लिहून बंद करायला मी तयार नव्हतो. शनिवारी दुपारी सव्वाचारला, गोदामाला आधी सांगून, आम्ही ट्रंकवरून मुद्दाम ९९ काढले:

```
interface GigabitEthernet1/0/24
 switchport trunk allowed vlan remove 99
```

स्कॅनर चालू होते, फोन चालू होते, पोर्टचा दिवा हिरवा होता. ज्याने जूनमध्ये तो बदल केला होता, तोच त्या दिवशी ड्यूटीवर होता. सहा मिनिटांनी त्याचा मोबाइल वाजला. त्याने ९९ परत घातले, या वेळी `add` लिहून, आणि आधीच्या-नंतरच्या दोन्ही याद्या माझ्यासमोर ठेवल्या. त्या दोन याद्या आणि कॉलची वेळ अहवालाला शेवटचे परिशिष्ट म्हणून जोडली.